तारीख चुकली म्हणजे पाळी बिघडली नव्हे



आज जरा भांडायला बसले आहे. विषय असा आहे की आपण तो कुजबुजत बोलतो, आणि कुजबुजत बोलल्यामुळेच त्यात चुकीच्या समजुती इतकी वर्षं सुखाने नांदल्या आहेत.

२०२४ च्या राखीला माझी भाची लातूरहून मुरुडला आली. वय एकतीस, पाच वर्षांचा एक मुलगा, आणि दुसऱ्या मुलाचा विचार चाललेला. पिशवीतून तिने पेढ्यांच्या पुड्याबरोबर भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि म्हणाली, "मावशी, तू हिशोबातली आहेस, जरा बघ ना. माझी पाळी बिघडली आहे. आत्याबाई म्हणतात, जुलैत दोनदा बसली, बावीस दिवसांत परत आली. आधी मे महिन्यात उशीर झाला होता. दवाखान्यात गेलो, तर तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. पाळी सेट होईल म्हणाले."

मी गोळ्यांचं पाकीट बघितलं. एकवीस गोळ्यांची पट्टी. गर्भ राहू नये म्हणून घेतात त्याच गोळ्या. जिला मूल हवं आहे तिला मूल न होण्याच्या गोळ्या, आणि हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं. बरं झालं, तिने अजून सुरू केल्या नव्हत्या. मी म्हटलं, "गोळ्या राहू दे बाजूला. आधी कॅलेंडर दे."

मी बी.कॉम. झालेली बाई. आमच्या आडत दुकानाची खतावणी मी बरीच वर्षं लिहिली. हिशोबात फरक निघाला की पहिला प्रश्न 'कुणी खाल्लं' हा नसतो, पहिला प्रश्न 'मोजलं कसं' हा असतो. पाळीच्या बाबतीत हा पहिला प्रश्न आपण विचारतच नाही. सरळ बाईच्या अंगात बिघाड आहे असं ठरवून मोकळ्या होतो.

भाचीने दर वेळी पाळीच्या पहिल्या दिवसाला पेन्सिलीने गोल केला होता. पोरीची ही सवय मला फार आवडली. त्या तारखा अशा होत्या: ७ जानेवारी, ४ फेब्रुवारी, ७ मार्च, ३ एप्रिल, ६ मे, ४ जून, ४ जुलै आणि ३० जुलै.

आता आपल्या डोळ्यांनी बघा. सातची चार झाली, चारची परत सात, मग तीन, मग सहा, आणि शेवटी एकाच महिन्यात दोन. कुणालाही वाटेल की गाडी रुळावरून घसरली. पण तारखांकडे न बघता मधले दिवस मोजा. २०२४ चा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता, हे लक्षात ठेवून मी मोजले: २८, ३२, २७, ३३, २९, ३० आणि २६. सात पाळ्यांचे मिळून २०५ दिवस, म्हणजे सरासरी साधारण सव्वाएकोणतीस. सर्वांत लहान अंतर २६, सर्वांत मोठं ३३, फरक सात दिवसांचा. आणि तिच्या वयाच्या बाईला सात दिवसांचा फरक हा नियमित पाळीच्याच हिशोबात धरतात. बिघाड कुठेच नव्हता.

मग त्या 'जुलैत दोनदा' चं काय? ४ जुलै ते ३० जुलै म्हणजे २६ दिवस. महिना एकतीस दिवसांचा आणि पाळी महिन्याच्या सुरुवातीला आली, तर त्याच महिन्याच्या शेवटी दुसरी येणारच. जिची पाळी घड्याळासारखी अठ्ठावीस दिवसांनी येते, तिलाही वर्षातून एखाद्या महिन्यात असं दोनदा दिसतं. वर्षात बारा महिने असतात, पण अठ्ठावीस दिवसांच्या पाळ्या तेरा बसतात. तेरावी कुठल्या तरी महिन्यात घुसणारच! तिची तारीख तर दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकत जाते, आणि घरात म्हणतात, "हिला लवकर येते." लवकर काही येत नाही. सरकारी महिना तीस-एकतीसचा आहे, तिचं अंग अठ्ठावीसचं आहे, एवढंच.

आणि 'बावीस दिवस' कुठून आले? इथे आपल्या घरांची खास चूक आहे, म्हणून नीट वाचा. आपण पाळीतल्या दिवसांत देवदर्शन करत नाही, शास्त्राला हात लावत नाही, पुष्कळ घरांत अजून स्वयंपाकघरातही जात नाहीत. त्यामुळे आपल्या ध्यानात पक्की राहते ती डोक्यावरून न्हाऊन शुद्ध झाल्याची तारीख. पुन्हा मंदिरात कधी गेले ते आठवतं, सुरुवात कधी झाली ते पुसट होतं. भाचीच्या सासूबाईंनी तेच केलं. ४ जुलैला बसली, पाचव्या दिवशी म्हणजे ८ जुलैला न्हाली. आठपासून तीसपर्यंत बावीस. पहिले चार दिवस हिशोबातून गेले! खरं अंतर सव्वीसचं. दुकानात चार दिवसांची विक्री लिहायची राहिली, तर धंदा बसला असं कुणी म्हणतं का?

म्हणून मोजायचं असं. ज्या दिवशी नीट रक्तस्राव सुरू झाला, तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही. त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत जितके दिवस होतात, तेवढी तुमच्या पाळीची लांबी. पाळी तीन दिवस टिकली की सहा दिवस, न्हाणं चौथ्या दिवशी झालं की पाचव्या, त्याचा या मोजणीशी संबंध नाही. अशा निदान सात तारखा हाताशी हव्यात, म्हणजे सहा अंतरं मिळतात. दोन-तीन महिन्यांवरून काहीही ठरवू नका.

सहा अंतरं मिळाली की दोन गोष्टी तपासायच्या. एक, प्रत्येक अंतर २४ ते ३८ दिवसांच्या आत आहे का. दोन, सर्वांत मोठ्या अंतरातून सर्वांत लहान वजा केलं की किती उरतात. वय अठरा ते पंचवीस असेल तर नऊ दिवसांपर्यंतचा फरक नियमित. सव्वीस ते एक्केचाळीस या वयात सात दिवसांपर्यंत. बेचाळीस ते पंचेचाळीस, पुन्हा नऊपर्यंत. हे माझ्या मनचे आकडे नाहीत. 'फिगो' नावाची स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना आहे, तिने २०१८ साली ठरवलेले हे निकष आहेत.

आता मला त्या अठ्ठावीसशी भांडायचं आहे. अठ्ठावीस हा आकडा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे की सव्वीस आली तरी धडकी आणि एकतीस आली तरी धडकी. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲलन ट्रेलोर नावाच्या संशोधकाने १९३० च्या दशकात विद्यार्थिनींना त्यांच्या पाळीच्या तारखा लिहायला लावल्या, आणि त्यातल्या कित्येक जणींनी त्या पुढे वर्षानुवर्षं लिहिल्या. सुमारे सत्तावीसशे बायकांच्या त्या नोंदी १९६७ साली छापून आल्या. त्यातून दिसलं ते हे, की दर वेळी नेमक्या तितक्याच दिवसांनी येणारी पाळी ही कल्पनेतली गोष्ट आहे. प्रत्येकीच्या वहीत चढउतार होतेच. २०१९ मध्ये सहा लाखांहून जास्त पाळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा नेमक्या अठ्ठावीस दिवसांच्या पाळ्या शंभरात जेमतेम तेरा निघाल्या. म्हणजे ज्याला आपण नियम म्हणतो, तो शंभरातल्या सत्याऐंशी वेळा पाळलाच जात नाही. असला नियम दुकानात कुणी ठेवला असता तर माझ्या सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यात फाडून टाकला असता.

फरक पडतो तो का पडतो, हेही कळलं पाहिजे, म्हणजे भीती जाते. पाळीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अंडाशयात बीज तयार होतं, आणि एक दिवस ते बाहेर पडतं. दुसरा भाग त्यानंतर पुढची पाळी येईपर्यंतचा. हा दुसरा भाग प्रत्येकीचा बऱ्यापैकी ठरलेला, बहुधा बारा ते चौदा दिवसांचा. लांबतो-आखडतो तो मुख्यतः पहिला. ताप, धावपळ, जागरणं, कडक उपास, घरातलं दुःख यांनी बीज तयार व्हायला वेळ लागला, की पुढचं सगळं तितकंच पुढे ढकललं जातं.

भाचीची तेहतीस दिवसांची पाळी घ्या. ३ एप्रिलला बसली, पुढची ६ मे ला. बीज बाहेर पडलं असेल ते पाळीच्या आधी साधारण दोन आठवडे, म्हणजे एप्रिलच्या वीस-बावीस तारखेच्या सुमारास. मी विचारलं, "एप्रिलच्या मध्यावर काय झालं होतं गं?" ती आठवून म्हणाली, "सासरे दवाखान्यात होते. आठ रात्री मीच होते तिथे." सापडली नोंद! ती मात्र मे महिन्यातलं कारण शोधत बसली होती, आंबे खाल्ले म्हणून, लग्नाला गेले म्हणून. पाळी उशिरा आली तर अडलेलं असतं ते दोन आठवडे आधी.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली ती मूल हवं असणाऱ्या प्रत्येकीने ऐकावी. 'चौदाव्या दिवशी बीज येतं' हे अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं गणित आहे. भाचीची पाळी सव्वीस ते तेहतीसच्या मध्ये फिरते. शेवटाकडून चौदा दिवस मागे मोजले, तर तिचा तो दिवस बाराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत कुठेही येऊ शकतो. ही दोघं दर महिन्याला चौदावा दिवस धरून बसली होती आणि मग निराश होत होती. फरक पडणं हा आजार नव्हे, पण तो किती पडतो हे माहीत नसलं तर असा गोंधळ होतो.

आता गोळ्यांबद्दल. कुणी म्हणेल, "अहो काकू, गोळ्यांनी नियमित होते ना, मग घेतलेल्या काय वाईट?" एकवीस दिवस गोळ्या आणि सात दिवस बंद, अशा त्या चालतात. बंद केल्यावर जो रक्तस्राव होतो तो गोळी थांबल्यामुळे होतो. त्या महिन्यात बीज बहुधा तयारच झालेलं नसतं. अठ्ठावीस दिवस बरोबर भरतात, कारण ते पट्टीवर छापलेले आहेत. तुमच्या अंगाने ते मोजलेले नाहीत. ताळा जमेना म्हणून मुनीमजीने शेवटी एक खोटी रक्कम टाकून बेरीज जुळवावी, तसला हा प्रकार. पट्ट्या संपल्या की अंग आपल्या मूळ हिशोबावर येतं, आणि मग बाई म्हणते, "गोळ्या सोडल्या की परत बिघडते."

मी गोळ्यांच्या विरोधात नाही. फार रक्त जात असेल, अंडाशयाचा त्रास असेल, गर्भ नको असेल, तर तपासून दिलेल्या त्या गोळ्या कामाच्याच आहेत. अशा कुणाच्या चालू असतील तर माझं वाचून बंद करू नका. माझं भांडण आहे ते तारखा न विचारता, मूल हवं की नको हे न विचारता दिलेल्या गोळ्यांशी.

दशलक्षणात पूजेला बसता यावं म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्यात किती जणी घेतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. घ्यावी की नाही यात मी आज जात नाही. हिशोबापुरतं सांगते. त्या गोळ्या थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि ते अंतर चाळीस-बेचाळीसचंही भरू शकतं. ते तुमचं नाही, गोळ्यांचं आहे. वहीत त्या महिन्यापुढे फुली मारा आणि मोजणीतून सोडून द्या. नाहीतर भादव्यात आपण ढकलायची, आणि दिवाळीत "माझी पाळी अनियमित झाली" म्हणून डॉक्टरकडे जायचं.

ही बारीकसारीक गोष्ट मी एवढी का ताणते आहे, तेही सांगते. आपण मराठवाड्यात राहतो. 'पाळीचा त्रास' हे तीन शब्द इथे कुठपर्यंत नेतात हे शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांच्यामागे पोटाची चिंता होती, बुडणारी मजुरी होती, कर्करोगाची भीती घातलेली होती. आपल्या घरांतल्या बायकांना कोयता घ्यावा लागत नाही. पण "पाळीचं काही ना काही चालूच असतं, मुलं झाली आहेत, काढून टाका पिशवी" हे वाक्य मी आपल्या हळदीकुंकवातही ऐकलं आहे. आणि त्यातल्या 'काही ना काही' मध्ये चार दिवस मागेपुढे होणारी साधी नियमित पाळीही जमा असते. ज्या गोष्टीला आजार म्हणायला नको, तिला आजार म्हटलं की पुढचे सगळे उपाय चुकीचेच होतात.

कुणी म्हणेल, "म्हणजे सगळंच चांगलं म्हणायचं का?" मुळीच नाही. उलट्या बाजूची चूकही मी घरात बघितली आहे. माझ्या धाकट्या जाऊबाई अडतिसाव्या वर्षी पंचेचाळीस, साठ, बावन्न अशा दिवसांनी बसत होत्या. सगळ्या म्हणायच्या, "तिच्या अंगचीच सवय आहे." दोन वर्षं अशीच गेली. अंग सुजल्यासारखं, केस गळतात, दिवसभर थकवा. शेवटी थायरॉईडची रक्ततपासणी केली तर ती फार कमी काम करत होती. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत पाळी तिसाच्या आसपास यायला लागली. तेव्हा कुणी सहा अंतरं लिहून काढली असती, तर पहिल्याच वर्षी दिसलं असतं की यातलं एकही अडतीसच्या आत नाही.

म्हणून डॉक्टरकडे कधी जायचं तेही स्पष्ट सांगते. पाळी नेहमीपेक्षा आठवडाभर लांबली आणि दिवस राहण्याची शक्यता असेल, तर बाकी काही करण्याआधी लघवीची साधी चाचणी घरी करा. वय चव्वेचाळीस असलं तरी करा, हसू नका. अंतर वारंवार चोवीसच्या आत किंवा अडतीसच्या पुढे जात असेल, सहा महिन्यांतला फरक वर सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त असेल, तीन महिने पाळीच आली नसेल, तर जा. पूर्वी वर्षानुवर्षं चार दिवसांचा फरक असायचा आणि आता अचानक पंधरा दिवसांचा पडू लागला, तरी जा. थायरॉईड, अंडाशयातल्या गाठींचा त्रास, दुधाचं संप्रेरक वाढणं अशी कारणं बहुतेक वेळा साध्या तपासणीत सापडतात.

आणि काही गोष्टींत दिवस मोजत बसूच नका. रक्तस्राव आठ दिवसांपेक्षा जास्त चालणं, तासातासाला पॅड भिजणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. अंतर बरोबर सव्वीस-तीसचं असलं तरीही. अंतर नियमित आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असा उलटा अर्थ काढू नका.

दोन वयांत मात्र हा हिशोब सैल धरायचा. माझी नात गेल्या वर्षी न्हाती झाली. तिचं कधी चोवीस दिवसांनी, कधी त्रेचाळीस दिवसांनी येतं, आणि माझी लेक घाबरली होती. पहिली दोन-तीन वर्षं मुलींची पाळी एकवीस ते पंचेचाळीस दिवसांत कधीही येऊ शकते. बीज दर महिन्याला तयार होण्याची अंगाला अजून सवय लागलेली नसते. पोरीला तेवढ्यासाठी गोळ्यांवर टाकू नका. नव्वद दिवस उलटले तर मात्र, एकदाच झालं तरी दाखवा. दुसरं वय चाळिशीच्या पुढचं. एक पाळी पंचवीसची, लगेच पुढची चौतीसची, आणि असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तर पाळी जाण्याच्या वाटेला अंग लागलं आहे असं बहुधा समजायचं. ही वाट काही वर्षांची असते. ती आजार नाही, आणि पिशवी काढण्याचं कारण तर अजिबात नाही. मघाशी सांगितलेल्या धोक्याच्या खुणा मात्र या वयात जास्त डोळ्यांत तेल घालून बघायच्या, "वयाचं आहे" म्हणून सोडायच्या नाहीत.

भाचीचं पुढे काय झालं? मी तिला त्या गोळ्या सुरू करू दिल्या नाहीत, पण नुसतं माझ्या शब्दावरही सोडलं नाही. लातूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी कॅलेंडर मागितलं, तिथेच मला त्या आवडल्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघितलं, दोन्ही ठीक निघाली. म्हणाल्या, "पाळी नियमित आहे. मूल हवं असताना या गोळ्या नकोत. तारखा लिहीत राहा." मूल झालं की नाही ते मी इथे सांगणार नाही. तो तिचा प्रश्न, आणि हिशोब त्याच्यावर अवलंबून नाही. पाळी त्या दिवशीही नियमित होती, मूल झालं असतं तरी आणि नसतं तरी.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "काय म्हणाल्या डॉक्टर? जुलैत दोनदा आली ते सांगितलं ना?"

मी म्हटलं, "विहीणबाई, यंदाचा फेब्रुवारी किती दिवसांचा होता?"

"एकोणतीस."

"आणि गेल्या वर्षीचा?"

"अठ्ठावीस."

"मार्च एकतीसचा, एप्रिल तीसचा. एवढा छापलेला सरकारी महिना, तोही तीन दिवस मागेपुढे होतो. त्याला कुणी गोळ्या दिल्यात का?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या धाकट्या लेकीच्या तारखा पाठवते, त्याही बघता का?"

बघते म्हटलं. तुम्हीही आपापल्या घरातल्या बघा. फक्त मोजायची ती बसल्याची तारीख, न्हाल्याची नव्हे.